सांत्वन, माफी, कौतुक: बोलून पाठवावं की लिहून?

मन भरून आलं की अंगठा माइकच्या चिन्हावर जातो आणि संकोच वाटला की अक्षरांवर. घरच्यांना निरोप पाठवताना आपण बहुतेक वेळा असंच ठरवतो, म्हणजे आपल्या सोयीने. माझं म्हणणं एवढंच, की ठरवताना पलीकडच्या माणसाच्या खोलीत एकदा डोकावून पाहावं. निरोप उघडला जाईल तेव्हा तिथे आणखी कोण असेल? फोन त्याच्याच हातात असेल का? आत काय आहे हे आधी कळायला हवं की नको? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की बोलायचं की लिहायचं हे बहुतेकदा आपोआप ठरतं.

लिहिलेला मेसेज डोळ्यांखालून क्षणात जातो. चारचौघांत, बँकेच्या रांगेत, रडणाऱ्या पोराला मांडीवर घेऊनही तो वाचता येतो. व्हॉइस नोट मात्र बोलणाऱ्याने जितका वेळ घेतला तितका ऐकणाऱ्याकडूनही मागते. शेवटचं वाक्य येईपर्यंत आत काय आहे हे कळत नाही. 2021 पासून व्हॉट्सॲपवर ती दीडपट किंवा दुप्पट वेगाने ऐकायची सोय आहे आणि लांबलेली नोट लोक तशीच ऐकतात. भरल्या गळ्याने बोललेलं त्या वेगाने कसं वाटतं हे स्वतःचीच एखादी जुनी नोट लावून पाहावं. आणखी एक फरक सहसा लक्षात येत नाही. वाचल्याची निळी खूण सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते, पण व्हॉइस नोट ऐकली की माइकचं चिन्ह निळं होतं आणि ते बंद करता येत नाही. ऐकून उत्तर दिलं नाही, हे पाठवणाऱ्याला कळतंच. एरवी याचं काही वाटत नाही. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, तिथे ते ओझं होतं.

म्हणून सांत्वनापासूनच सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त गडबड तिथे होते.

समजा, मिरजेच्या काकांचं पहाटे निधन झालं. मावशी तिथे आहे, तिचा मुलगा आणि सून धावपळीत आहेत, भाची पुण्याला आहे आणि भाचा न्यू जर्सीत. पहिला निरोप जातो तो मृत्यूच्या बातमीचा. ही बातमी व्हॉइस नोटवर कधीही देऊ नये. ऐकणारा गाडी चालवत असेल, मीटिंगमध्ये असेल. त्याला स्क्रीनवर दिसते फक्त तेवीस सेकंदांची एक पट्टी. ती लावेपर्यंत त्याला काहीच अंदाज नसतो आणि लावल्यावर थांबायची सवड मिळत नाही. अगदी जवळच्या माणसांना फोन करावा. बाकीच्यांना लिहावं आणि लिहिताना नाव, वेळ, अंत्ययात्रा कुठून व किती वाजता, आणि कोणाला फोन करायचा, हे सगळं एकाच मेसेजमध्ये द्यावं. हा मेसेज जसाच्या तसा पुढे पाठवला जातो. तो व्हॉइस नोटवर असेल तर प्रत्येकजण "किती वाजता म्हणाला?" असं विचारत पुन्हा मुलालाच फोन करतो.

आता पुण्याच्या भाचीने मावशीला काय पाठवावं? त्या दिवशी, आणि पुढचे काही दिवस, मावशीचा फोन मावशीच्या हातात नसतो. तो सुनेकडे किंवा नातवाकडे असतो. सतरंजीवर माणसं बसलेली असतात, आणि कोणीतरी म्हणतं, "अगं, पुण्याहून आवाज आलाय, लाव." भाचीने फक्त मावशीसाठी म्हणून बोललेले शब्द मग स्पीकरवर दहाजण ऐकतात, त्यातले निम्मे तिला ओळखतही नाहीत. म्हणून पहिल्या दिवशी लिहावं. थोडंच लिहावं आणि त्यात एकही प्रश्न नको. "कसं झालं गं?", "शेवटी कोण होतं जवळ?" या प्रश्नांची उत्तरं त्या घरातली माणसं सकाळपासून देत असतात.

"मावशी, काकांचं कळलं. मी दुपारच्या गाडीने निघतेय, संध्याकाळपर्यंत पोचते. उत्तर देऊ नकोस, फोनही करू नकोस." इतकं पुरे. यात काका आहेत, येण्याची वेळ आहे आणि उत्तराच्या जबाबदारीतून सुटका आहे. येणं शक्य नसेल तर तेही सरळ लिहावं. कारणांची यादी देऊ नये.

फॅमिली ग्रुपवर तर लिहायचंच. तिथे एकापाठोपाठ एक "भावपूर्ण श्रद्धांजली" येत राहतात. मला त्यात काही खोटं वाटत नाही. समाचाराला गेल्यावर माणसं गप्प बसून राहतात, तशीच ती हजेरी असते. पण जमलं तर त्याच ओळीत काकांचं काहीतरी घालावं. "काकांनी मला सायकल शिकवली होती" असं पाच शब्दांचं वाक्यसुद्धा मुलगा महिन्याभराने ग्रुप वर सरकवत शोधतो, आणि लिहिलेलं असल्यामुळे त्याला ते सापडतं. दोनशे मेसेजांतली व्हॉइस नोट शब्द टाकून शोधता येत नाही.

मग आवाज कधी? तेरावा झाल्यावर. पाहुणे जातात, भाड्याने आणलेल्या सतरंज्या परत जातात, मुलगा-सून नोकरीवर रुजू होतात, आणि दुपारी अडीच-तीनला मावशी घरात एकटी असते. तोवर फोनही तिच्याकडे परत आलेला असतो, आणि मेसेज मात्र थांबलेले असतात. माझ्या मते सांत्वनाची व्हॉइस नोट या दिवसांसाठी राखून ठेवावी. त्याआधी एक ओळ लिहून पाठवावी: "मावशी, खाली दोन शब्द बोललेय. एकटी असशील तेव्हा सावकाश ऐक. उत्तराची घाई नाही." म्हणजे आत काय आहे ते तिला कळतं, आणि ऐकायचं कधी हे तिच्या हातात राहतं.

नोट मिनिटभराची असावी. त्यात "धीर धर", "देवाची इच्छा" असलं काही नको. ते तिने तेरा दिवस ऐकलेलं असतं. काकांची एखादी ठळक आठवण सांगावी, अशी की ती फक्त तुमच्याकडेच असेल. "मावशी, काल मी लिंबाचं लोणचं घालायला बसले आणि काकांची आठवण आली. मीठ मोजून घालणाऱ्यांना ते हसायचे ना..." असं बोलणं कोणत्याही सांत्वनापेक्षा तिला जवळचं वाटेल. बोलताना आवाज कापरा झाला तर होऊ द्यावा. पण रडू आवरत नसेल तर ती नोट पाठवू नये, कारण ती ऐकून मावशी उठून तुमचीच समजूत घालायला फोन करेल. रेकॉर्डिंग मध्येच थांबवता येतं आणि पाठवण्याआधी ऐकूनही पाहता येतं. चिन्ह दाबून वर सरकवलं की ते लॉक होतं, मग बोट धरून ठेवावं लागत नाही. थांबवायचं आणि ऐकायचं बटण तिथेच दिसतं. दुःखाच्या निरोपात ही सोय आवर्जून वापरावी.

न्यू जर्सीच्या भाच्याचं गणित थोडं वेगळं आहे. तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. मिरजेत सकाळचे सहा वाजतात तेव्हा त्याच्याकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ उलटलेली असते. विमानाने निघूनही तो अंत्यसंस्काराला पोचत नाही. त्याला वाटतं, निदान आवाज तरी पोचावा. पण त्या पहिल्या दिवशी त्याच्या नोटेचंही स्पीकरवर तेच होणार. त्याने मावसभावाला लिहावं: "दादा, मावशीजवळ निवांत असशील तेव्हा मला नुसता मिस्ड कॉल दे, मी लगेच फोन करतो. रात्री कधीही चालेल." प्रत्यक्ष बोलणं शक्य असताना व्हॉइस नोट ही फोनची जागा घेऊ शकत नाही. फोनवर मावशी गप्प बसली तर तोही गप्प बसू शकतो. नोटेत ते जमत नाही.

या सगळ्याला एक मोठा अपवाद आहे. ज्यांना वाचता येत नाही, किंवा मोतीबिंदूमुळे स्क्रीनवरची अक्षरं लागत नाहीत, अशा आजी-आत्यांसाठी आवाज हाच मार्ग. आपला मेसेज दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवण्यापेक्षा आपल्याच तोंडून त्यांना ऐकू येणं बरं. उलट ज्यांना ऐकायला कमी येतं त्यांना फोनचा छोटा स्पीकर त्रासदायक होतो. त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांतली दोन वाक्यंच बरी.

माफीचं प्रकरण याहून नाजूक आहे, आणि तिथे माझा एक ठरलेला नियम आहे. बोलून दुखावलं असेल तर बोलून माफी मागावी. काही करून किंवा न करून दुखावलं असेल तर लिहून मागावी. याची कारणं नीट पाहण्यासारखी आहेत.

दिवाळीला सगळे जमलेले असताना धाकटा भाऊ ताईला, तिच्या सासरच्या माणसांसमोर, म्हणाला, "तुला काय, तू वर्षातून दोनदा येतेस. आईचं सगळं मीच बघतो." शब्दांपेक्षा सूर जास्त लागला. दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं, "सॉरी ताई. काल जास्त बोललो." ताईने ते वाचलं आणि तिला त्यातही कालचाच सूर ऐकू आला. लिहिणाऱ्याच्या मनातला सूर कागदावर उतरत नाही, पण लिहिणाऱ्याला मात्र तो उतरलाय असं वाटत राहतं. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. काही वाक्यं उपरोधाने आणि काही मनापासून, अशी एकदा ईमेलने आणि एकदा आवाजातून पाठवायला लावली. पाठवणाऱ्यांना दोन्हीकडे आपला सूर सारखाच ओळखला जाईल असं वाटलं. प्रत्यक्षात आवाजातला बहुतेकांनी ओळखला, ईमेलमधला ओळखताना मात्र वाचणाऱ्यांची गत नाणं उडवण्याच्या जेमतेम वर होती. ते प्रयोग अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर होते, भावाबहिणींवर नव्हते. पण "सॉरी ताई" या दोन शब्दांचं काय होतं हे आपल्या घरातही रोज दिसतं.

म्हणून भावाने बोलावं. शक्यतो फोनवर. ताई फोन उचलत नसेल तर नोट पाठवावी, तीस-चाळीस सेकंदांची. लांबली की ती माफी राहत नाही, बाजू मांडणं होतं. दुसऱ्या मिनिटाला "पण तूही समजून घे" येतं, तिसऱ्याला आईच्या औषधांचा खर्च येतो आणि चौथ्याला ताईचा जुना एखादा शब्द. बोलण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: काय बोललो, ते कोणासमोर बोललो, आणि आता काय करणार. कागद वाचून दाखवू नये, नुसता समोर ठेवावा.

"ताई, परवा भाऊजींसमोर आणि तुझ्या सासूबाईंसमोर मी तुला वर्षातून दोनदा येतेस म्हणालो. ते चुकीचं होतं. तू आईसाठी काय करतेस ते मला माहीत आहे. मी आज भाऊजींना फोन करून हेच सांगणार आहे. तू लगेच बोलावंस असं नाही." यात "माफ कर" कुठे आहे, असं कोणी विचारेल. घालायचं तर घालावं, पण त्याने फारसा फरक पडत नाही. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या रॉय लेविकी यांनी सहकाऱ्यांसोबत 2016 मध्ये माफीचे सहा भाग सुटे करून लोकांना कोणते पटतात ते पाहिलं. चूक माझी होती हे मान्य करणं सर्वांत वर आलं, त्याखालोखाल भरपाईची तयारी. "मला क्षमा करा" अशी विनंती सगळ्यांत खाली गेली. वरच्या नोटेत भाऊजींना करायचा फोन ही भरपाई आहे, कारण अपमान त्यांच्यासमोर झाला होता.

दुसरं उदाहरण घेऊ. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे अर्धे पैसे देतो म्हणून मोठ्या भावाने कबूल केलं आणि तारीख उलटली तरी दिले नाहीत. इथे सूर लागलेला नाही, व्यवहार अडला आहे. त्याने कितीही गहिवरून व्हॉइस नोट पाठवली तरी ऐकणारा मनात म्हणणार, "छान बोलतोस, पैसे कधी?" इथे लिहावं: "मी कबूल केलेले पैसे वेळेवर दिले नाहीत आणि तुला एकट्याला भरावे लागले. चूक माझी. अर्धे आज पाठवले, उरलेले 10 तारखेला." ही ओळ पुढे कामाला येते, कारण तारीख लिहिलेली असते आणि दोघांनाही ती दिसत राहते. लिहिण्याचा आणखी एक फायदा असा, की पाठवण्याआधी "तर" आणि "पण" डोळ्यांना दिसतात. "तुला वाईट वाटलं असेल तर" यातला "तर" काढून टाकला की वाक्य ताठ उभं राहतं.

चूक ग्रुपवर झाली असेल तर माफीची एक ओळ ग्रुपवरच, लिहून. बाकीचं खासगीत. आणि एकदाच ऐकता येणारी, नंतर नाहीशी होणारी व्हॉइस नोट 2023 च्या अखेरीस आली आहे, ती माफीसाठी वापरू नये. ऐकणाऱ्याला वाटतं, बोललेलं राहू नये याची काळजी घेतलीय. एकत्र कुटुंबात नोट इतरांना ऐकवली जाणार, ही भीती खरी आहे. पण ज्या माफीत आपली बाजूच मांडलेली नाही, ती इतरांनी ऐकली तरी बिघडत नाही.

वडीलधाऱ्यांची माफी मात्र वेगळ्या वाटेने येते. आपल्याकडे सासरे सुनेला "माझं चुकलं" असं क्वचित म्हणतात. त्यांची आठ सेकंदांची नोट येते: "अगं, हापूसची पेटी आलीय, येताना पिशवी आण." ती नोट म्हणजेच माफी असते. तिला "कशाबद्दल म्हणताय?" असं लिहून विचारू नये. "आणते बाबा" असं बोलूनच उत्तर द्यावं.

आनंदाच्या निरोपांत फारसं चुकण्यासारखं नाही. वाढदिवसाला आजीने गायलेल्या ओळी किंवा बोबड्या नातवाने घेतलेलं काकाचं नाव, यासाठी आवाजच हवा. बोलताना पंखा बंद करावा आणि फोन तोंडापासून वीतभर धरावा. कुकर झाल्यावरच बोलावं. कार्यक्रमाचा पत्ता, मुहूर्त, जेवणाची वेळ हे मात्र लिहावं. निमंत्रण गोड आवाजात देऊन त्यातच हॉलचं नाव सांगितलं तर निम्मे पाहुणे दुसऱ्या हॉलवर जातात. दहावी-बारावीच्या निकालाला, टक्के माहीत नसतील तर, "किती पडले?" असं बोलून विचारू नये. पोरगं ती नोट सगळ्यांसमोर लावतं.

एक आनंद मात्र असा असतो, जो ऐकणाऱ्याला टोचू शकतो. धाकट्या जावेला दिवस गेलेत, आणि मोठ्या जावेचे गेल्या वर्षी तीन महिन्यांचे दिवस वाया गेलेत. अशी बातमी फॅमिली ग्रुपवर हसऱ्या आवाजात पडली, की मोठीला त्याच क्षणी सगळ्यांसमोर चेहरा सांभाळावा लागतो. फोन केला तर आवाजही सांभाळावा लागतो. इथे लिहिणं हीच खरी काळजी आहे. ग्रुपवर सांगण्याच्या एक-दोन दिवस आधी, तिला एकटीला, आणि ती कामावर किंवा बाहेर नसेल अशा वेळी: "वहिनी, एक बातमी आहे, ती तुम्हाला आधी सांगावीशी वाटली. मला दिवस गेलेत. शनिवारी सगळ्यांना सांगणार आहोत. तुम्हाला कसं वाटेल याचा विचार मनात आहे. उत्तर हवंच असं नाही." तिला हवं तितकं रडता येईल, तोंड धुता येईल, आणि शनिवारी ग्रुपवर ती सगळ्यांबरोबर अभिनंदन लिहू शकेल.

तिच्याकडून नुसता अंगठा किंवा हृदयाचं चिन्ह आलं, तर तेवढ्यावर थांबावं. "रागावलात का?" म्हणून लगेच फोन करू नये, आणि डोहाळजेवणाचं बोलावणं तिला लिहूनच पाठवावं, म्हणजे यायचं की नाही हे तिला कोणासमोर तोंडी सांगावं लागत नाही.